पंगत बसेपर्यंत कुरकुरीत

तळलेला पदार्थ मऊ होतो तो दोन वेगळ्या कारणांनी, आणि मराठीत त्यांना दोन वेगळे शब्दही आहेत. चकली, शेव, कडबोळी सादळतात. वडे आणि वड्या मऊ पडतात. सादळणाऱ्या पदार्थात आत पाणी उरलेलेच नसते, त्यामुळे तो बाहेरच्या हवेतला दमटपणा ओढून घेतो. त्याला घट्ट झाकणाचा डबा पुरतो. मऊ पडणाऱ्या पदार्थाचे पाणी मात्र त्याच्या पोटातच असते. त्याला डब्यात कोंडले की तो अधिकच लवकर मऊ होतो. घरच्या कार्यात पन्नासेक माणसांसाठी केलेल्या वड्या-वड्यांची पंगतीपर्यंत जी दशा होते, तिच्या मुळाशी बहुधा हीच गल्लत असते: चकलीचा उपाय वड्याला केलेला असतो.

कढईतले तेल १७० ते १८० अंश सेल्सिअस तापलेले असते. वडी त्यात पडताच पृष्ठभागावरच्या पाण्याची वाफ होऊन बुडबुडे उठतात. पृष्ठभाग कोरडा होत जातो, कडक होतो, त्यात बारीक छिद्रे पडतात, आणि कुरकुरीत कवच म्हणतात ते तयार होते. आतला गर मात्र १०० अंशांच्या आसपासच राहतो, कारण त्यात पाणी असते. तेलात असेपर्यंत वाफेचा ओघ आतून बाहेर चालू असतो. झाऱ्याने वडी बाहेर काढली की तो मंदावतो, पण थांबत नाही. गरातली वाफ कवचापर्यंत येते, तिथे थंड होते आणि तिचे पुन्हा पाणी होऊन ते कवचात मुरते. दहा-पंधरा मिनिटांत वडीचा आवाज जातो. त्याच सुमारास, निवताना, पृष्ठभागावरचे तेलही आत ओढले जाते; तळलेल्या पदार्थातले बरेचसे तेल तळताना नव्हे, तर कढईबाहेर आल्यावर आत शिरते.

हॉट केस किंवा झाकणाचा स्टीलचा डबा यांमुळे पदार्थ गरम राहतो, पण त्याची वाफ त्याच्याच अंगावर येते. झाकणाच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब वड्यांवर पडतात, तेव्हा नुकसान डोळ्यांनी दिसतेच. हॉलमध्ये केटरर वापरतात ती खाली पाण्याची आणि वर झाकणाची गरम भांडी भाजी-आमटीसाठी ठीक. तळणासाठी त्यांच्याइतके वाईट भांडे नाही.

मंद तापलेला ओव्हन दोन कामे एकदम करतो. पदार्थ गरम ठेवतो आणि कवचापर्यंत आलेले पाणी तिथे मुरू न देता उडवून लावतो. पावसाळ्यात मुंबई-कोकणातली हवा ३० अंशांना ९० टक्के दमट असली, तरी तीच हवा ओव्हनमध्ये ९५ अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता जेमतेम ५ टक्क्यांवर येते. हवेतले पाणी तेवढेच असते, पण तापलेल्या हवेची पाणी सामावून घेण्याची ताकद कितीतरी वाढलेली असते. म्हणून श्रावणातल्या कार्यालाही ओव्हन तितकाच उपयोगी पडतो.

या ताकदीला मर्यादा आहे, आणि ती ओव्हनच्या आकाराने ठरते. ३० लिटरच्या ओटीजीतली हवा ९५ अंशांना जास्तीत जास्त सुमारे १५ ग्रॅम वाफ धरू शकते, म्हणजे तीन लहान चमचे पाणी. आत ६० वड्या असतील आणि प्रत्येकीतून पाव ग्रॅम पाणी बाहेर पडले, तर तेवढ्यातच हवा वाफेने भरते. पुढचे पाणी उडायला जागा उरत नाही. दार घट्ट लावलेला छोटा ओव्हन अशा वेळी पुन्हा हॉट केसच होतो, फक्त विजेवर चालणारा. दार बोटभर उघडे ठेवणे हा यावरचा उपाय आहे. काही ओटीजींचे दार अर्धवट उघडे राहते. नाही राहिले तर दाराच्या वरच्या कोपऱ्यात लाकडी चमच्याचा दांडा अडकवतात. भिंतीत किंवा गॅसच्या शेगडीखाली बसवलेल्या मोठ्या ओव्हनची बटणे बहुधा दाराच्या वरच असतात. दार किलकिले ठेवले तर गरम हवा थेट त्यांच्यावर येते. असा ओव्हन बंदच ठेवावा आणि दर दहा मिनिटांनी दार पूर्ण उघडून, वाफ जाऊ देऊन लगेच लावावे. या ओव्हनमध्ये जागा अधिक असते, बहुतेकांना वाफ जायची वाटही असते, त्यामुळे तेवढे पुरते.

तापमान किती हवे, याचे उत्तर ९० ते १०० अंश. यापेक्षा फार कमी ठेवले तर वाळण्याचा वेग पाणी येण्याच्या वेगापेक्षा कमी पडतो. अमेरिकेतल्या मराठी घरांत गणपतीला किंवा डोहाळजेवणाला मोठा ओव्हन हाताशी असतो, पण त्याची सर्वांत खालची खूण बहुधा १७० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ७७ सेल्सिअस असते. ती पोळ्यांना ठीक. वड्यांसाठी २०० फॅरनहाइट, म्हणजे ९३ सेल्सिअस लावणे बरे. उलट १२० च्या वर गेले की पदार्थ राखला जात नाही, भाजला जातो: रंग काळवंडतो, कडा बिस्किटासारख्या कडक होतात आणि बटाट्याचे सारण कोरडे पडते.

छोट्या ओव्हनच्या बटणावरचा आकडा आणि आतले तापमान यांत १०-२० अंशांचा फरक सहज असतो. शिवाय दार किलकिले ठेवल्यावर आत ९५ राखायला बटण ११० किंवा १२० वर न्यावे लागते. जाळीवर ठेवायचा ओव्हनचा साधा तापमापक घेतला की हा अंदाजाचा खेळ संपतो. नसेल तर कार्याच्या आदल्या दिवशी चार वड्या तळून तासभर ठेवून पाहाव्यात. ओटीजीत फक्त खालची कांडी चालू ठेवावी. वरची कांडी लाल झाली की वरच्या जाळीवरच्या वड्यांच्या पाठी करपतात, मधल्या हवेचे तापमान काहीही असो. पंखा असेल तर तो चालू असावा. तो वाफ एका जागी साचू देत नाही.

आरोग्याच्या दृष्टीनेही हीच पातळी सोयीची आहे. अन्नातले जंतू ५ ते ६० अंशांच्या दरम्यान झपाट्याने वाढतात, आणि गरम वाढायचा पदार्थ ६० अंशांच्या खाली येऊ देऊ नये हा स्वयंपाकघरांसाठीचा प्रमाण नियम आहे. ९५ अंशांच्या ओव्हनमध्ये वड्याचे पोट साधारण त्याच्या वरच राहते. ओट्यावर कापडाखाली झाकून ठेवलेला बटाटेवडा मात्र अर्ध्या-पाऊण तासात कोमट होतो. अशा कोमट अवस्थेत एकूण दोन तासांपेक्षा अधिक वेळ गेलेला पदार्थ वाढू नये.

ठेवण्याची पद्धत तापमानाइतकीच महत्त्वाची आहे. ट्रेवर पसरलेल्या वडीची खालची बाजू पत्र्याला टेकते. तिथून निघालेली वाफ आणि तेल यांना वाट नसते, आणि वर कुरकुरीत असलेली वडी खाली ओली होते. म्हणून वड्या तारेच्या जाळीवर ठेवाव्यात आणि ठिबकणारे तेल झेलायला ट्रे सर्वांत खालच्या खाचेत असावा. तो खालच्या कांडीची थेट झळही अडवतो. ओटीजीबरोबर बहुधा एकच जाळी मिळते. केक थंड करायची जाळी त्यात मावत असेल तर दुसरी तीच. वड्या एकाच थरात आणि एकमेकींना न टेकता मांडाव्यात. ढीग घातला की मधल्या वड्या एकमेकींच्या वाफेत शिजतात. घाईत हाच नियम सर्वांत आधी मोडला जातो, कारण ट्रेवर शंभर वड्या मावताना दिसतात.

कढईतून काढलेला घाणा थेट ओव्हनमध्ये टाकायचा नसतो. झारा कढईच्या काठावर दोन-तीनदा आपटून तेल निथळावे आणि वड्या आधी ओट्यावरच्या वेगळ्या जाळीवर मिनिट-दोन मिनिटे ठेवाव्यात. पहिल्या मिनिटात वाफेचा लोंढा सर्वांत मोठा असतो. तो बाहेर गेलेला बरा, नाहीतर आधीच्या घाण्यांना तो आंघोळ घालतो. वरच्या जाळीवरून खालच्या वड्यांवर तेल ठिबकणेही त्यामुळे टळते. जाळीखाली टिश्यू पेपर चालतो. वड्या थेट कागदावर पसरल्या तर कागद वाफ धरून ठेवतो. वर्तमानपत्राचा कागद तर छपाईच्या शाईमुळेही नको.

तळतानाच कच्चे राहिलेले कवच ओव्हन सुधारत नाही. ओव्हनमध्ये रंग पुढे जाईल म्हणून वड्या फिकट काढाव्यात, असे अनेक घरांत सांगतात. ९५ अंशांना रंग जवळजवळ बदलत नाही, त्यामुळे हा सल्ला तोट्याचा आहे. वडी पूर्ण खमंग रंगावर तळावी. बुडबुड्यांचा फेस आणि चरचर स्पष्टपणे मंदावली, की पृष्ठभागाचे पाणी गेले असे समजावे. घाणा मोठा घातला आणि तेलाचे तापमान उतरले, तर वडी तेल पिते आणि कवच जाडसर पण मऊ राहते.

चाळीस पाहुण्यांचा साखरपुडा, संध्याकाळी साडेसातला पहिली पंगत, माणशी तीन कोथिंबीर वड्या, असे धरून हिशेब केला की ही सारी पथ्ये कुठे लागतात ते दिसते. लागतात १२० वड्या. उंडे सकाळी किंवा आदल्या दिवशी उकडून, पूर्ण निववून, फ्रिजमध्ये ठेवलेले. गरम उंडा कापला तर तुटतो आणि त्यातली वाफ तेलात जाते. वडी चार सेंटिमीटर रुंद आणि सुमारे एक सेंटिमीटर जाड. ३३ बाय २८ सेंटिमीटरच्या जाळीवर बोटभर अंतर ठेवून अशा सहाच्या पाच ओळी बसतात, म्हणजे ३०. दोन जाळ्यांवर ६०. ओव्हनची मर्यादा हीच, आणि तळण्याचे वेळापत्रक या साठाच्या आकड्यावर बेतावे लागते.

घरच्या कढईत एका वेळी १० वड्या नीट तळल्या जातात. तेल पुन्हा तापायला लागणारा वेळ धरून प्रत्येक घाण्याला सहा-सात मिनिटे. साठ वड्यांचे सहा घाणे म्हणजे ४० मिनिटे. म्हणून ओव्हन सव्वासहाला लावायचा, कारण हवेबरोबर जाळ्या आणि भिंतीही तापायला वीस मिनिटे हवीत. पहिला घाणा ६:३५ ला. सव्वासातच्या सुमारास साठ वड्या आत असतात आणि तेव्हा तळण थांबवायचे. पुढची साठ तळून ठेवायला जागा नाही, आणि ढीग घालायचा नाही. साडेसातला वीस जणांची पहिली पंगत बसते आणि ओव्हन रिकामा होऊ लागतो. तेव्हा सर्वांत जुनी वडी ५० मिनिटांची असते. पंगत जेवत असताना दुसरे सहा घाणे तळून रिकाम्या झालेल्या जाळ्यांवर जातात आणि सव्वाआठच्या पंगतीला मिळतात. वाढताना आधी ठेवलेल्या वड्या आधी काढायच्या. सुरुवातीचे घाणे एका जाळीवर आणि नंतरचे दुसरीवर, एवढी शिस्त त्यासाठी पुरते.

कोथिंबीर वडी एवढा वेळ टिकते ती तिच्या बांधणीमुळे. ती पातळ असते, बेसन आधीच उकडून घट्ट झालेले असते, आणि आत मोकळे पाणी थोडे असते. चांगल्या तळलेल्या वड्या ९५ अंशांना साधारण तासभर टिकतात. अळूवडीचेही तसेच, फक्त तिचे पदर सुटे नकोत. तास उलटला की कुरकुरीतपणा कडकपणात बदलू लागतो. मोहरी-तिळाची फोडणी आणि ओले खोबरे वाढतानाच घालायचे. आधी घातलेले खोबरे ओव्हनमध्ये स्वतः वाळते आणि वडीला ओलावा देते.

बटाटेवड्याचे गणित वेगळे आहे. त्याच्या पोटात उकडलेला बटाटा, म्हणजे तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणी, आणि वर बेसनाचे पातळ कवच. आतून येणारे पाणी संपतच नाही, त्यामुळे ओव्हनमध्येही अर्ध्या तासापुढे कवच चिवट होऊ लागते. जागेचीही अडचण आहे. पाच सेंटिमीटरचे वडे त्याच जाळीवर चाराच्या पाच ओळींत २० बसतात, दोन जाळ्यांवर ४०. चाळीस माणसांना प्रत्येकी दोन वडे द्यायचे तर एकट्या ओव्हनच्या भरवशावर राहता येत नाही.

इथे दोनदा तळणे उपयोगी पडते. वडे पहिल्यांदा थोड्या मंद तेलात, १५० ते १६० अंशांना, पीठ पूर्ण शिजून फिकट पिवळे होईपर्यंत तळायचे आणि जाळीवर सुटे पसरून निववायचे. निवताना आतून आलेले पाणी कवचात येते. दुसऱ्या वेळी १८० अंशांच्या तेलात ते उडून जाते आणि कवच पहिल्यापेक्षा अधिक कुरकुरीत होते. पहिले तळण निवांतपणे उरकता येते. मात्र अर्धे तळलेले वडे ओट्यावर दोन तासांहून अधिक राहणार असतील तर ते फ्रिजमध्ये जावेत. फ्रिजमधल्या वड्यांचे पोट दीड मिनिटात तापत नाही, म्हणून ते बाहेर काढून, थोडे मंद आचेवर, तीन-चार मिनिटे तळावेत. एक फोडून आत वाफ आहे का ते पाहावे. ओट्यावरच्या कोमट वड्यांना दीड-दोन मिनिटे पुरतात. मग ओव्हनकडे फक्त शेवटची पंधरा-वीस मिनिटे उरतात, आणि तेवढी तो उत्तम सांभाळतो. सारण बांधण्यापूर्वी पूर्ण निवलेले असावे आणि भिजवलेल्या बेसनात वाटीमागे दोन चमचे तांदळाचे पीठ घालावे. कवच त्याने कोरडे राहते.

साबुदाणा वड्याबाबत अपेक्षा कमी ठेवलेली बरी. वीस मिनिटांपर्यंत तो चांगला राहतो. पुढे आतला साबुदाणा घट्ट होऊन दाताला चिकटतो आणि बाहेरचे दाणे खड्यासारखे लागतात. ओव्हनला दोष देण्यात अर्थ नाही, साबुदाण्याचा स्टार्च तसाच वागतो.

काय बिघडले हे वडी हातात घेताच कळते. बोटाने दाबल्यावर कवच वाकते पण तुटत नाही, चामट लागते, तर वाफ कोंडली आहे: दार उघडावे, गर्दी कमी करावी. फक्त खालची बाजू ओली असेल तर वडी पत्र्यावर किंवा साचलेल्या तेलात आहे. कडा कडक आणि तुटताना आवाज मोठा, पण चव कोरडी, तर उष्णता जास्त आहे किंवा वेळ फार झाला. पोट कोमट आणि कवच ठीक, असे असेल तर ओव्हन पुरेसा तापण्याआधीच पदार्थ आत गेले आहेत.

मऊ पडलेल्या वड्या एकदा वाचवता येतात. ओव्हन १८० ते २०० अंशांवर तापवून, जाळीवर सुट्या मांडून, चार-पाच मिनिटे ठेवल्या की कवच परत येते. एअर फ्रायर लहान प्रमाणात हेच करतो. दुसऱ्यांदा हा उपाय चालत नाही, कारण तोवर गर वाळलेला असतो. मायक्रोवेव्ह मात्र उलट परिणाम करतो. तो आतल्या पाण्याची वाफ करून ती बाहेरच्या कवचात ढकलतो, आणि भोवतालची हवा थंडच असल्याने ती तिथेच मुरते. ज्या यंत्रात कन्व्हेक्शनची सोय आहे, त्यात फक्त तीच वापरावी.

ओव्हनमधून ताटापर्यंतचा रस्ताही छोटा नसतो. वाढण्याच्या भांड्यात एका वेळी पंधरा-वीसच वड्या घ्याव्यात, तेही परातीत चाळणी उपडी ठेवून तिच्यावर पसरून, उघड्याच. माश्यांची भीती असेल तर जाळीचे झाकण चालते. फॉइल किंवा ताटली नाही. चटणी वेगळ्या वाटीत द्यावी.

कांदाभजीला यातले काहीच लागू पडत नाही. कांद्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असते, मीठ लागताच ते सुटू लागते, आणि भज्याचे कवच इतके पातळ व वेडेवाकडे असते की ओव्हनमध्येही ते पंधरा मिनिटांपलीकडे टिकत नाही. भजी करायचीच असतील तर कढईजवळ एक माणूस शेवटपर्यंत उभा राहील अशी सोय करावी आणि पीठ पाने मांडल्यावरच भिजवावे.